धाकटीची मुलं आणि सातबारा

(महाड आणि पोलादपूर तालुक्यांतल्या महिला गटांच्या कार्यकर्त्यांसाठी महाडला झालेल्या शिबिरात केलेल्या भाषणाचे हे लेखी रूप. ज्या कुटुंबाची हकिगत यात आहे, त्याची ओळख पटू नये म्हणून नावे व गाव दिलेले नाही.)

मैत्रिणींनो,

आजच्या विषयाची सुरुवात माझ्याच एका चुकीपासून करते.

पोलादपूर तालुक्यातल्या एका वाडीतली बाई आपल्या गटात नेमाने यायची. नवरा मुंबईला कामाला. शेती, गुरं, सासू, दोन मुलं, सगळं तिच्या अंगावर. तो गणपतीला आणि शिमग्याला यायचा, चार दिवस राहून जायचा. 2019 साली तो मुंबईलाच वारला. तेरावं झाल्यावर ती वारस नोंदीचे कागद घेऊन माझ्याकडे आली. मी अर्ज लिहून दिला. वारस तीन लिहिले, ती, मुलगा आणि मुलगी. "याशिवाय अन्य कोणीही वारस नाही" असं प्रतिज्ञापत्रात लिहिलं, आणि तिने त्यावर सही केली.

मुंबईला त्याचं दुसरं बिऱ्हाड होतं हे साऱ्या वाडीला ठाऊक होतं. मलाही ठाऊक होतं. मी तिला विचारलं नाही. माझ्या डोक्यात हिशेब साधा होता. पहिली बायको जिवंत असताना केलेलं लग्न कायद्याने लग्नच नाही, मग त्या लग्नाची मुलं वारस कुठून? शिवाय या बाईने आयुष्यभर सोसलं होतं. तिच्या वाट्यात आणखी कोणी येऊ नये, असंही मनात होतंच.

दोन वर्षांनी एक मुलगी आपल्या कार्यालयात आली. नुकतीच बारावी झालेली. हातात शाळेचा दाखला आणि जन्माचा दाखला. म्हणाली, "ताई, दोन्ही दाखल्यांवर माझ्या बापाचं नाव आहे. मग सातबाऱ्यावर आमचं का नाही?"

तिच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. ते शोधताना जे शिकले, ते आज सांगते.

लग्न रद्दबातल, मूल मात्र औरस

हिंदू विवाह कायदा 1955 सालचा. नवरा किंवा बायको हयात असताना केलेलं दुसरं लग्न त्या कायद्याने मुळातच रद्दबातल असतं. त्यासाठी कोर्टाच्या निकालाची वाट पाहावी लागत नाही. आपल्याकडे तर 1946 सालीच मुंबई प्रांताच्या कायद्याने अशी लग्नं रद्दबातल ठरवली होती. जवळच्या निषिद्ध नात्यात झालेलं लग्नही, तशी रूढी नसेल तर, रद्दबातल असतं. दुसरा प्रकार आहे रद्द करता येण्याजोग्या लग्नांचा. फसवून किंवा जबरदस्तीने संमती घेतली असेल, असं काही कारण असेल तर एका पक्षाने कोर्टात जाऊन ते लग्न रद्द करून घ्यायचं असतं. तोपर्यंत ते लग्न चालू धरलं जातं.

या मुलांचं काय, याचं उत्तर त्या कायद्याच्या कलम 16 मध्ये आहे. मूळ कायद्यात एक मेख होती. कोर्टाने लग्न रद्द झाल्याचा हुकूमनामा दिला असेल तरच मुलांना औरसपणाचा फायदा मिळे. आता खेड्यातली कोणती बाई स्वतःचं लग्न रद्द आहे असा हुकूमनामा आणायला कोर्टात जाईल? 1976 साली ही मेख काढून टाकली. तेव्हापासून रद्दबातल लग्नाचं मूल, कोर्टाचा हुकूमनामा असो वा नसो, औरसच मानलं जातं. रद्द करता येण्याजोगं लग्न कोर्टाने रद्द केलं, तरी त्याआधी पोटात राहिलेली मुलंही औरसच राहतात.

पण त्याच कलमात पुढे एक कुंपण आहे. अशा मुलांना आईबापाच्या मालमत्तेत हक्क आहे, दुसऱ्या कोणाच्याही मालमत्तेत नाही. आजोबाच्या नाही, काकाच्या नाही, सावत्र भावाच्या नाही. म्हणजे मूल औरस आहे का, हा वाद 1976 पासून जवळजवळ संपलेला आहे. खरा वाद वेगळाच आहे. बापाची मालमत्ता म्हणजे नेमकी कोणती?

बापाचं ते किती?

आपल्याकडे घरोघरी हेच ऐकू येतं: "मुंबईची खोली तिच्या पोरांनी घ्यावी, गावची जमीन वडिलोपार्जित आहे, तिला हात लावू नये." कोर्टंही बरीच वर्षं असंच म्हणत आली. 2003 साली आणि पुन्हा 2010 साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की या मुलांना बापाच्या स्वकष्टार्जित मालमत्तेतच हिस्सा आहे, एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेत काहीच नाही.

मुंबई उच्च न्यायालयाने मात्र त्याआधीच वेगळी वाट दाखवली होती. शांताराम तुकाराम पाटील विरुद्ध दगूबाई तुकाराम पाटील हा तो निकाल, 1987 साली छापून आलेला. त्यात म्हटलं होतं, की या मुलांना जन्माने एकत्र कुटुंबात हक्क मिळत नाही आणि बाप जिवंत असताना ती वाटणी मागू शकत नाहीत. पण बाप वारल्यावर एकत्र मालमत्तेतला जो हिस्सा त्याचा ठरतो, त्यात ती वारस आहेत.

1 सप्टेंबर 2023 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींच्या पीठाने रेवणसिद्दप्पा विरुद्ध मल्लिकार्जुन या कर्नाटकातल्या खटल्यात हाच विचार साऱ्या देशासाठी पक्का केला. बाप मेला, त्याच्या आदल्या क्षणी कुटुंबात वाटणी झाली असं धरायचं. त्या काल्पनिक वाटणीत बापाच्या वाट्याला जेवढं येईल, तेवढं त्याचं स्वतःचं. त्यात दोन्हीकडच्या मुलांचा सारखा हक्क. त्यापलीकडचं जे इतरांचं आहे, त्याला या मुलांनी हात लावायचा नाही.

हे हिशेबात बसवून पाहू. आपल्या बाईला थोरली म्हणू, मुंबईच्या बाईला धाकटी. दोघींना एकेक मुलगा, एकेक मुलगी. गावची 100 गुंठे जमीन पणजोबापासून चालत आलेली. भावाशी वाटणी होऊन ती या माणसाच्या शाखेकडे आलेली.

आधी काल्पनिक वाटणी. तीत हिस्से चार. बापाचा एक, थोरलीच्या मुलाचा एक, थोरलीच्या मुलीचा एक आणि थोरलीचा एक. मुलीचा हिस्सा 2005 च्या दुरुस्तीमुळे मुलाइतकाच. थोरलीचा यासाठी, की आपल्या भागातल्या हिंदू कायद्याप्रमाणे बाप आणि मुलांत वाटणी होते तेव्हा बायकोलाही एक हिस्सा मिळतो. प्रत्येकाला आले 25 गुंठे.

आता बापाचे जे 25 गुंठे, ते त्याच्या वारसांत वाटायचे. वारस पाच: थोरली, तिची दोन मुलं आणि धाकटीची दोन मुलं. प्रत्येकाला 5 गुंठे. म्हणजे थोरली, तिचा मुलगा आणि तिची मुलगी यांचे प्रत्येकी 30 गुंठे, आणि धाकटीच्या मुलांचे प्रत्येकी 5. बेरीज बरोबर 100.

याशिवाय या माणसाने 1998 साली स्वतःच्या पगारातून 25 गुंठे खरेदीखताने घेतले होते. ते सगळेच त्याचे. तिथे काल्पनिक वाटणी नाही, सरळ पाच भाग. प्रत्येकाला 5 गुंठे. नालासोपाऱ्याची खोली त्याने घेतलेली, तिचेही पाच भाग.

या हिशेबात धाकटी कुठेच नाही, हे तुमच्या लक्षात आलं असेल. तिला बायको म्हणून वारसा नाही. त्या खोलीसाठी तिने स्वतःचे पैसे घातले असतील, तर ते तिला वेगळे सिद्ध करावे लागतील. नवऱ्याच्या हयातीत पोटगीचा प्रश्न निराळा. पहिलं लग्न लपवून ज्याने फसवलं, त्याला दुसरीला पोटगी द्यावी लागते असं सर्वोच्च न्यायालयाने 2013 साली महाराष्ट्रातल्याच एका खटल्यात सांगितलं आहे. पण तो मेल्यावर वारस म्हणून कायदा फक्त तिच्या मुलांकडे पाहतो.

आणखी एक मर्यादा. बाप मृत्युपत्र करून स्वतःची मालमत्ता, आणि एकत्र मालमत्तेतला स्वतःचा हिस्साही, कोणालाही देऊ शकतो. तसं मृत्युपत्र असेल तर हा सगळा हिशेब बदलतो. म्हणून मृत्युपत्र आहे का, हे पहिल्यांदा विचारा.

'वडिलोपार्जित' हा शब्द तपासून घ्या

या बाबतीत मला सगळ्यात जास्त शिकवलं ते जुन्या फेरफारांनी. बापाकडून आलेली प्रत्येक जमीन आपण वडिलोपार्जित म्हणतो. कायदा तसं म्हणत नाही. आजोबाने स्वतः विकत घेतलेली जमीन असेल, तो 1956 नंतर वारला असेल आणि ती वारसाने बापाकडे आली असेल, तर ती बापाची स्वतःचीच धरली जाते. सर्वोच्च न्यायालयाने 1986 साली हे स्पष्ट केलं. तसं असेल तर त्या जमिनीत काल्पनिक वाटणी नाही. धाकटीच्या मुलांचा वाटा एकदम वाढतो आणि थोरलीच्या मुलांचा कमी होतो. वर सांगितलेले 100 गुंठे अशा प्रकारे आले असते, तर पाचही वारसांना प्रत्येकी 20 गुंठे गेले असते.

म्हणून नुसत्या सातबाऱ्यावर थांबू नका. सातबाऱ्यावर फेरफारांचे नंबर असतात. ते एकेक करून मागे जात तहसील कार्यालयातून नकला काढा. प्रत्येक फेरफारात जमीन कशी आली ते लिहिलेलं असतं: वारसाने, वाटणीने, खरेदीने की कुळकायद्याने. नावापुढे "ए.कु.मॅ." असेल तर ती एकत्र कुटुंबाचा मॅनेजर म्हणून लागलेली आहे, एकट्याची नव्हे. आपल्या रायगडात कुळकायद्याची जमीन फार. 32-ग ने मिळालेली जमीन असेल तर मूळ कूळ कोण होतं, बाप की आजोबा, आणि किंमत कोणी भरली, हे पाहावं लागतं. त्यावरून वाद होतो आणि तिथे वकिलाचा सल्ला घ्यावाच लागतो.

लग्न झालं होतं, याचा पुरावा

आता एक विचित्र गोष्ट. कलम 16 चा फायदा मिळायला दुसरं लग्न रद्दबातल असलं तरी ते लागलेलं असावं लागतं. लग्नच झालं नाही, नुसते एकत्र राहिले, असं कोर्टाला वाटलं तर मुलांची बाजू लंगडी पडते.

जुन्या कार्यकर्त्यांना भाऊराव लोखंडे यांचा खटला आठवत असेल. महाराष्ट्रातलाच. 1965 साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की दुसरं लग्न आवश्यक विधींनी लागल्याचं सिद्ध झालं नाही तर द्विभार्येचा गुन्हा होत नाही. त्या निकालाने कितीतरी पहिल्या बायका हात चोळत बसल्या. नवऱ्याने देवळात हार घातले, फोटो काढले, पण विधी झाले याला साक्षीदार मिळेना.

आता पाहा. जो पुरावा थोरलीला नवऱ्याला शिक्षा व्हावी म्हणून हवा असतो, तोच पुरावा धाकटीच्या मुलांना वारस व्हायला हवा असतो. लग्नाचा फोटो, पत्रिका, देवळाची पावती, भटजीचं किंवा पंचांचं नाव, लग्नाला आलेल्या दोन माणसांचे जबाब. बौद्ध विवाह असेल तर विधी लावणाऱ्याचं नाव. समाजात पाट लावला असेल तर तो कोणासमोर लावला ते. हे कागद माणूस जिवंत असताना सापडतात. तो गेल्यावर पेटीला कुलूप लागतं. आपल्या मुलीकडे एक फोटो होता, आणि लग्नाला हजर असलेला बापाचा मुंबईचा एक सोबती साक्षीला तयार होता. जन्माच्या आणि शाळेच्या दाखल्यांवरून ती कोणाची मुलगी ते कळतं, पण लग्न लागलं होतं हे त्यांवरून सिद्ध होत नाही. दोन्ही लागतं.

हा कायदा हिंदू, बौद्ध, जैन आणि शीख यांना लागू आहे. मुस्लिम भगिनींचा वारसा कायदा वेगळा. आपल्या कातकरी भगिनींनाही हिंदू विवाह कायदा आपोआप लागू होत नाही, कारण अनुसूचित जमाती त्यातून वगळलेल्या आहेत. तिथे रूढी काय, ते आधी पाहावं लागतं. बालविवाहाचं म्हणाल तर 2006 च्या कायद्याप्रमाणे असं लग्न कोर्टाने रद्द केलं तरी त्याची मुलं सर्वच बाबतीत औरस मानली जातात.

तलाठ्याकडे काय होतं

माणूस वारला की वारसांनी तीन महिन्यांत तलाठ्याला कळवायचं असतं. तलाठ्यांना आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, पण आपण तलाठीच म्हणू. वारस नोंदवहीत नावं चढतात, मग फेरफार लिहिला जातो, हितसंबंध असलेल्यांना नोटीस निघते आणि पंधरा दिवसांत कोणाची तक्रार आली नाही, तर मंडळ अधिकारी फेरफार मंजूर करतात. तक्रार आली तर ती तक्रार नोंदवहीत जाते आणि सुनावणी होते.

इथेच घात होतो. नोटीस चावडीवर लागते आणि मुलं असतात नालासोपाऱ्याला. त्यांना ती दिसणार कशी? म्हणून धाकटीच्या मुलांच्या बाजूने काम करताना पहिली गोष्ट: बाप वारल्याबरोबर तलाठ्याकडे लेखी अर्ज द्या, त्याची पोच घ्या, सोबत दाखल्यांच्या नकला जोडा. फेरफार मंजूर झालाच असेल तर प्रांतांकडे साठ दिवसांत अपील करता येतं. उशीर झाला असेल तर उशिराचं कारण देऊन तो माफ करण्याचा अर्ज सोबत द्यावा लागतो.

पण एक ध्यानात ठेवा. सातबाऱ्यावरचं नाव म्हणजे मालकीचा शेवटचा निकाल नव्हे. तलाठी किंवा प्रांत लग्न रद्दबातल होतं की नव्हतं, मूल कोणाचं, याचा निवाडा करत नाहीत. वाद खरा असेल तर तो दिवाणी न्यायालयातच मिटतो. बायका आणि मुलं यांना उत्पन्न कितीही असलं तरी 1987 च्या कायद्याप्रमाणे मोफत वकील मिळतो. तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करावा लागतो.

आणि पाच गुंठे घेऊन करायचं काय, असं कोणी म्हणेल. तुकडेबंदीमुळे ते प्रत्यक्ष मोजून वेगळे करता येतीलच असं नाही. पण आपल्या भागात महामार्गाच्या रुंदीकरणात किती जमिनी गेल्या ते तुम्ही पाहिलं आहे. जमीन गेली किंवा विकली, तर पैसा नावाप्रमाणे वाटला जातो. ज्याचं नाव नाही, त्याला नंतर पैशामागे धावावं लागतं.

थोरलीचं काय?

हा प्रश्न तुमच्या मनात आहे, माझ्याही होता. आपण इतकी वर्षं द्विभार्येविरुद्ध बोलत आलो. मग दुसऱ्या बिऱ्हाडाच्या मुलांना वाटा मिळवून देणं म्हणजे त्या पुरुषाच्या वागण्यावर शिक्का मारणं नाही का?

त्या मुलीला घेऊन मी थोरलीकडे गेले. थोरली आधी बोललीच नाही. मग म्हणाली, "माझ्या हिश्श्यातलं का द्यायचं? मी तिथे राबले." तिचं खरंच होतं. मी पाटीवर तो हिशेब मांडला. तिचे, मुलाचे आणि मुलीचे मिळून 125 पैकी 105 गुंठे राहतात, हे तिने स्वतः बोटांवर मोजून पाहिलं. इतकी वर्षं वाडीतल्या लोकांनी तिला भीती घातली होती, की ती पोरं निम्मी जमीन नेतील. त्याच भीतीने तिने प्रतिज्ञापत्रावर सही केली होती. खोटं प्रतिज्ञापत्र हा गुन्हा आहे, हे तिला मीही सांगितलं नव्हतं.

तेव्हा तिला आणखी एक गोष्ट समजली. तिची स्वतःची मुलगी लग्न होऊन गेली होती आणि भाऊ तिच्याकडून हक्कसोड पत्र लिहून घ्यायच्या बेतात होता. थोरली म्हणाली, "म्हणजे माझ्या मुलीचे पण तीस गुंठे हायत?" आपण दोन बायकांचं भांडण मिटवायला गेलो होतो आणि निघाला तो घरातल्याच मुलीचा हिस्सा.

मुलीने प्रांतांकडे अपील केलं. थोरली आणि तिची मुलं तिथे हजर राहिली आणि धाकटीची दोन्ही मुलं वारस असल्याचं त्यांनी लेखी मान्य केलं. नावं लागली. मात्र हा मार्ग सगळ्यांची कबुली होती म्हणून चालला. तशी ती नसती तर दिवाणी दावाच करावा लागला असता. नालासोपाऱ्याच्या खोलीचं अजून मिटलेलं नाही. थोरलीच्या मुलाला ती विकून आपला भाग हवा आहे, आणि धाकटी त्याच खोलीत राहते. मुलांचे दोन भाग तिच्या बाजूला असले तरी तिचा स्वतःचा एकही नाही. ती घरकाम करते, आणि खोली घेताना तिने सोन्याच्या बांगड्या मोडल्या होत्या म्हणते. पावती नाही. आम्ही त्या सोनाराचा शोध घेतो आहोत.

म्हणून तुम्हाला सांगणं एवढंच. यापुढे वारस नोंदीचा अर्ज लिहून देताना बाईला एकटीला बसवून विचारा, आणखी कोणी मुलं आहेत का. असतील तर त्यांची नावं लिहायला लावा आणि तिच्यासमोर पाटीवर हिस्से मांडा. मी 2019 साली विचारलं नव्हतं.